दर दोन तासांनी की चार? जर्नल क्लबसाठी एक आरसीटी तपासताना

आमच्याकडे जर्नल क्लब महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी असतो आणि त्याची यादी ड्यूटी रोस्टरच्या शेजारीच लागते. या वेळी यादीत माझं नाव होतं, आणि नावापुढे ‘आरसीटी – क्रिटिकल अप्रेझल’ असं लिहिलेलं, म्हणजे कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेला एक अभ्यास घेऊन त्याची कसून तपासणी करायची. याआधी मी विषयावर बोलले होते, केस प्रेझेंटेशनही केलं होतं. पण एखादा शोधनिबंध हातात घेऊन त्यावर किती विश्वास ठेवायचा हे सगळ्यांसमोर सांगायचं, तेही आकड्यांसकट, हे पहिल्यांदाच. ज्यांच्यावर ही पाळी येणार आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी कागदपत्रं. शिक्षण विभागाचा एक फॉर्म असतो: निबंधाचं नाव, तीन उद्दिष्टं, चार ओळींचा गोषवारा आणि इन्चार्ज सिस्टरांची सही. तो कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी पोचला नाही तर हजेरीचे गुण कुणालाच मिळत नाहीत. म्हणजे निबंध ठरवायला वाटतो त्यापेक्षा बराच कमी वेळ असतो. बोलायला वीस मिनिटं आणि प्रश्नांना दहा.

निबंध निवडताना मी उलट्या बाजूने गेले. आधी वॉर्डातला वाद शोधला. आमच्याकडे रात्रपाळीत कायम चालणारा वाद म्हणजे बेडसोर टाळण्यासाठी रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायलाच हवी का? कुणीतरी कुठेतरी ऐकलं होतं की “आता रिसर्च म्हणतो, चार तासही चालतात,” आणि हे वाक्य हँडओव्हरमध्ये फिरत होतं. मग म्हटलं, तो रिसर्च कोणता ते तरी बघू. पबमेडवर हे टाकलं:

```
(pressure ulcer OR pressure injury) AND (turning OR repositioning)
AND randomized controlled trial[pt]
```

शेवटचं `[pt]` विसरू नका. ते नसेल तर संपादकीयं, पत्रं, आढावे सगळंच अंगावर येतं. जे आलं त्यातला सगळ्यांत जवळचा निबंध होता 2013 मध्ये अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलेला टर्न अभ्यास. अमेरिकेतली 20 आणि कॅनडातली 7 नर्सिंग होम, 942 वृद्ध रहिवासी, कूस बदलायची तीन वेळापत्रकं: दोन तास, तीन तास, चार तास. प्रत्येकावर तीन आठवडे लक्ष.

मला पबमेडवर फक्त गोषवारा मिळाला. ग्रंथालयाच्या विनंती अर्जावर निबंधाची पूर्ण ओळख लिहून दिली आणि वाट पाहिली. स्वतः विकत घेण्याआधी हा अर्ज नक्की करा. वेळ जातो, पण पैसे जात नाहीत. अर्जातच ‘पुरवणी फाईल आणि दुरुस्ती असल्यास तीही’ असं लिहा, म्हणजे पुन्हा खेटे नकोत. थांबायच्या दिवसांत मी गोषवाऱ्यातला निष्कर्ष झाकून ठेवला, खरोखरच वर कागद चिकटवून. निष्कर्ष आधी डोक्यात बसला की पुढे पद्धतीचा भाग वाचताना आपण नकळत त्याचीच वकिली करतो.

पूर्ण निबंध आला तेव्हा प्रश्न पडला की तपासायचं कशावरून. मी शोधनिबंध तपासायला शिकवणाऱ्या कॅस्प या कार्यक्रमाची आरसीटीसाठीची यादी घेतली. त्यात 11 प्रश्न आहेत आणि पहिल्यांदा करणाऱ्याला ते पुरतात. कॉक्रेनचं आरओबी-2 जास्त खोल जातं. त्यात पक्षपाताची पाच दारं एकेक करून तपासतात, पण वीस मिनिटांत ते सगळं मावत नाही. इथे एक अडचण फॉर्मनेच उभी केली होती. त्यात ‘कॉन्सॉर्ट स्कोअर’ असा रकाना होता. कॉन्सॉर्ट ही अभ्यास कसा लिहावा याची यादी आहे. 2010 च्या आवृत्तीत 25 मुद्दे होते, 2025 च्या नव्या आवृत्तीत 30 आहेत. अभ्यास चांगला झाला की नाही हे ती सांगत नाही. नीट लिहिलेला कमकुवत अभ्यासही असतो. मी शिक्षण विभागात जाऊन हे सांगितलं, तिथल्या मॅडमनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि रकान्यात ‘लागू नाही’ लिहायला परवानगी दिली. तुमच्या फॉर्मवर असा रकाना असेल तर आकडा बनवून भरू नका.

कॅस्पचे पहिले प्रश्न सोपे गेले. अभ्यासाचा प्रश्न स्पष्ट आहे. रहिवाशांचं वय 65 किंवा जास्त, कुणालाही सुरुवातीला बेडसोर नाही, बेडसोरचा धोका सांगणारा ब्रेडन स्कोअर 10 ते 14. त्यातले 10 ते 12 म्हणजे जास्त धोका, 13 ते 14 मध्यम धोका. सगळे हाय-डेन्सिटी फोमच्या गादीवर. आधी या धोक्याच्या गटांप्रमाणे विभागून मग चिठ्ठी टाकल्यासारखं वेळापत्रक वाटलेलं, त्यामुळे एका गटात सगळे नाजूक आणि दुसऱ्यात सगळे ठणठणीत असं व्हायची भीती कमी.

मग आला ब्लाइंडिंगचा, म्हणजे कोण कोणत्या गटात आहे हे लपवलेलं होतं का याचा प्रश्न, आणि इथे मी बराच वेळ थांबले. औषधाच्या अभ्यासात गोळ्या सारख्या दिसतील अशा बनवता येतात. कूस बदलण्यात ते शक्यच नाही. जी मावशी किंवा सिस्टर रुग्णाला वळवते तिला वेळापत्रक ठाऊक असणारच. म्हणून ‘ब्लाइंडिंग नाही, म्हणून अभ्यास वाईट’ असं म्हणून पुढे जाणं चुकीचं. विचारायचं ते हे की त्वचा बघणारा माणूस वेगळा होता का, आणि त्याला वेळापत्रक माहीत होतं का. पहिल्या टप्प्याचा बेडसोर म्हणजे बोटाने दाबलं तरी न जाणारी लाली. ती आहे की नाही हे बघणाऱ्याच्या नजरेवर असतं. रुग्ण चार तासांच्या गटात आहे हे माहीत असलेली व्यक्ती ती लाली जरा जास्त शोधणार.

दुसरा धोका मला आमच्याच वॉर्डामुळे दिसला. इथे एकेका रहिवाशाला वेगळं वेळापत्रक दिलं होतं, अख्ख्या नर्सिंग होमला नाही. म्हणजे एकाच खोलीत खिडकीकडचा माणूस दोन तासांचा आणि दाराकडचा चार तासांचा असू शकतो. सिस्टर खिडकीकडच्याला वळवायला आली आणि दाराकडचा कण्हत असेल, तर ती त्यालाही वळवणारच. असं झालं की तिन्ही गट हळूहळू एकमेकांसारखे होत जातात आणि फरक असला तरी दिसेनासा होतो. असा अभ्यास वाचताना वेळापत्रक प्रत्यक्षात किती पाळलं गेलं याची नोंद शोधा. ठरवलेलं वेळापत्रक आणि झालेलं वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता निकाल. तीन आठवड्यांत 942 पैकी 19 जणांना बेडसोर झाला, म्हणजे साधारण दोन टक्के. दोन तासांच्या गटात 321 पैकी 8 (2.5%), तीन तासांच्या गटात 326 पैकी 2 (0.6%), चार तासांच्या गटात 295 पैकी 9 (3.1%). पी-व्हॅल्यू, म्हणजे गटांत खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, 0.68. फरक नाही, असा निष्कर्ष.

हे आकडे मी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले आणि बराच वेळ नुसती बघत बसले. मधला 2 खटकत होता. दोन तासांपेक्षा तीन तास चांगले, असं शरीराच्या कुठल्याच नियमाने नीट समजावता येत नाही. आणि 8, 2, 9 अशा आकड्यांवर पी-व्हॅल्यू 0.68 येते? मला ती फार मोठी वाटली. ओळखीतल्या एका संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, “तुम्हीच करून बघा, मी फोनवर आहे.” तिन्ही गट फक्त एकमेकांपेक्षा वेगळे आहेत का असं विचारणारी साधी काय-स्क्वेअर चाचणी केली, तर उत्तर आलं सुमारे 0.07. मग त्यांनी दुसरी चाचणी सांगितली, जी विचारते की तास वाढत गेले तसे बेडसोरही पायरी पायरीने वाढत गेले का. तिचं उत्तर आलं सुमारे 0.66, निबंधातल्या आकड्याच्या अगदी शेजारी.

एकाच आकड्यांवर दोन उत्तरं, आणि दोन्ही बरोबर. पहिली चाचणी मधली घसरण बघते. दुसरीला ती घसरण जवळजवळ दिसतच नाही, कारण ती टोकांकडे बघते आणि टोकांना 8 आणि 9 आहेत. प्राध्यापक म्हणाले, “पी-व्हॅल्यू दिसली की आधी विचारायचं, ही कोणत्या प्रश्नाची आहे?” हे वाक्य मी स्लाइडवर तसंच घातलं. अर्थात 0.07 आला म्हणून तीन तास श्रेष्ठ ठरत नाहीत. मधल्या गटात आणखी तिघा-चौघांना बेडसोर झाला असता तर ती सगळी कहाणीच विरली असती. घटना इतक्या कमी असल्या की दोन-चार माणसं निकाल फिरवतात.

वॉर्डासाठी खरा प्रश्न मात्र दोन विरुद्ध चार हाच होता. त्यासाठी पी-व्हॅल्यू बाजूला ठेवून फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, काढला. निबंधात हवा तो इंटरव्हल सापडला नाही तर एक्सेलमध्ये दोन ओळींत येतो:

```
=0.0305-0.0249
=SQRT(0.0249*0.9751/321+0.0305*0.9695/295)
```

पहिली ओळ म्हणजे फरक, 0.0056. दुसरी म्हणजे त्याची स्टँडर्ड एरर, साधारण 0.0133. तिला 1.96 ने गुणून फरकात एकदा मिळवायचं, एकदा वजा करायचं. उत्तर येतं उणे 2.0 टक्क्यांपासून अधिक 3.2 टक्क्यांपर्यंत. घटना कमी असताना ही पद्धत जरा ढोबळ असते. जास्त काटेकोर पद्धतीने पट्टा थोडा रुंद होतो, पण अर्थ बदलत नाही.

टक्क्यांत बोललं की समोरचे मान डोलावतात आणि विसरतात, म्हणून मी ते माणसांत मांडलं. हजार रुग्णांना दोनऐवजी चार तासांवर नेलं, तर या अभ्यासाप्रमाणे सहा बेडसोर जास्त होतील असा अंदाज. पण वीस कमी होण्यापासून बत्तीस जास्त होण्यापर्यंत काहीही या आकड्यांशी विसंगत नाही. म्हणजे चार तास घातक असल्याचा पुरावा इथे नाही, आणि ते सुरक्षित असल्याचाही नाही. हँडओव्हरमध्ये फिरणाऱ्या त्या वाक्याचं एवढंच मूल्य.

मग ‘चालतात’ असं छातीठोकपणे म्हणायला काय लागलं असतं? त्यासाठी अभ्यासाची रचनाच वेगळी लागते. ‘चार तासांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढ होत नाही’ असं आधीच ठरवून ते सिद्ध करायचं. याला नॉन-इन्फिरिऑरिटी म्हणतात. दोन तासांच्या गटात 2.5% धरले आणि नेहमीची 80% पॉवर, म्हणजे खरंच तसं असेल तर ते सिद्ध होण्याची शक्यता, धरली, तर प्रत्येक गटात सुमारे 950 माणसं लागतात. इथे होती त्याच्या साधारण एक तृतीयांश. आणि दोन टक्के वाढ, म्हणजे हजारात वीस जास्त बेडसोर, ही मर्यादा तरी कुणाला मान्य होणार? ते ठरवणं गणिताचं काम नाही, ते वॉर्डाचं आहे.

कॅस्पचा शेवटचा भाग म्हणजे हे निकाल आपल्याकडे लागू पडतात का. बरेच जण इथे ‘आपला देश वेगळा’ एवढं म्हणून मोकळे होतात. मी मोजून तीन गोष्टी घेतल्या. पहिली गादी: सगळे हाय-डेन्सिटी फोमवर होते. वॉर्डात साधी, मधे बसलेली गादी असेल तर चार तासांचा आकडा त्या गादीवर नेता येत नाही. दुसरी गोष्ट रुग्ण: सरासरी वय 85, बहुतेकांना हृदयविकार आणि डिमेन्शिया, पण प्रकृती स्थिर. ब्रेडन 9 किंवा खाली असलेला, व्हेंटिलेटरवरचा, रक्तदाब टिकवायची औषधं चालू असलेला रुग्ण या अभ्यासात नव्हताच. तिसरी गोष्ट त्वचेची: 80.5% सहभागी गोरे होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर सुरुवातीची लाली सहज दिसत नाही, तिथे ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का हे हाताने बघावं लागतं. जिथे पहिला टप्पा नजरेने पकडणं अवघड, तिथे मधला वेळ वाढवताना हात आखडता घ्यायला हवा.

आणखी एक गोष्ट निष्कर्षातच लिहिलेली आहे, पण ती कुणी सांगत नाही. लेखकांनी ‘फरक नाही’ म्हणताना अट घातली आहे: कूस नियमित बदलली गेली आणि त्वचेवर लक्ष ठेवलं गेलं तर. अभ्यासातले चार तास म्हणजे चारच तास. रात्रपाळीतले चार तास म्हणजे कधी पाच, कधी सहा.

स्लाइड बारा केल्या, कार्यक्रमाआधी दोन काढल्या. लेखकांची ओळख आणि बेडसोरच्या टप्प्यांची चित्रं गेली, कारण श्रोत्यांना टप्पे माझ्यापेक्षा पाठ. एका स्लाइडवर फक्त तीन आकडे ठेवले: 8, 2, 9. आदल्या दिवशी मैत्रिणीसमोर घड्याळ लावून बोलले तेव्हा आकड्यांच्या भागालाच निम्मा वेळ गेला होता. तसाच ठेवला, रँडमायझेशनचा भाग कापला.

गुरुवारी दुपारी, पाळी बदलायच्या वेळेला, खोलीत बरीच गर्दी होती. हजेरीचा कागद फिरवायचं काम कुणाला तरी आधीच सोपवा. मी बोलायला उभी राहिल्यावर तो अजून माझ्याच फाईलमध्ये होता आणि पहिली दोन मिनिटं त्यातच गेली. 8, 2, 9 च्या स्लाइडवर मी विचारलं, “यातलं कोणतं वेळापत्रक तुम्ही घ्याल?” अर्ध्या लोकांनी तीन तासांना हात वर केला. तिथून पुढचं बोलणं सोपं झालं, कारण आता हा त्यांचाही प्रश्न होता.

प्रश्नांमध्ये आयसीयूच्या सिस्टर म्हणाल्या, “म्हणजे थोडक्यात, काहीच कळलं नाही असंच ना?” म्हटलं, नाही. स्थिर, मध्यम ते जास्त धोक्याच्या, चांगल्या गादीवरच्या वृद्धांमध्ये तीन आठवड्यांत बेडसोरचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास राहू शकतं, तेही चार तासांच्या गटासकट, हे कळलं. तुमच्या रुग्णांबद्दल मात्र काहीच कळलं नाही. एका नव्या मुलीने विचारलं की मग दर दोन तासांचा नियम तरी कुठल्या आरसीटीवर उभा आहे? हा सगळ्यांत चांगला प्रश्न होता. या अभ्यासात दोन तासांचा गटही चार तासांपेक्षा चांगला ठरलेला नाही, हे मी कबूल केलं. पुरावा दोन्ही बाजूंनी पातळ असताना ज्याने त्वचा जास्त वेळा बघितली जाते ते सोडायचं की नाही, यावर वेळ संपला तरी बोलणं चालूच राहिलं.

इन्चार्ज सिस्टरांनी वेळापत्रक बदललं नाही. पण ब्रेडन 13-14 असलेल्या, फोमच्या गादीवरच्या आणि झोपमोड सहन न होणाऱ्या रुग्णांसाठी रात्री तीन तास चालतील का, हे जखम-काळजीच्या टीमला लेखी विचारायचं ठरलं. त्या पत्रासोबत कॅस्पचा भरलेला कागद आणि एक्सेलची ती शीट जोडली. कार्यक्रमानंतर फीडबॅक फॉर्म दोन प्रतींत भरून शिक्षण विभागात द्यावे लागतात, तेही त्याच दिवशी. मैत्रिणीने एक प्रत फोटोकॉपीला नेली तेव्हा तिथलं मशीन बंद होतं, म्हणून कोऱ्या प्रती सकाळीच काढून ठेवा. पुढच्या महिन्याच्या यादीत त्या नव्या मुलीचं नाव लागलं आहे, आणि तिने गाद्यांवरचा निबंध मागवला आहे.